उपवासाचे तास आणि रक्तातली चरबी

इंटरमिटंट फास्टिंग या नावाखाली निदान तीन निराळ्या पद्धती चालतात, आणि कोलेस्टेरॉलवर त्यांचा काय परिणाम होतो हे समजून घेताना त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो. पहिली पद्धत एकाआड एक दिवस उपवासाची. उपवासाच्या दिवशी शरीराच्या गरजेच्या चौथाई ऊर्जा, म्हणजे साधारण 500 कॅलरी, आणि दुसऱ्या दिवशी भरपेट. दुसरी ‘पाच-दोन’ची, म्हणजे आठवड्यात पाच दिवस नेहमीचे जेवण आणि दोन दिवस अगदी थोडे. तिसरीत रोजचे सगळे खाणे ठरावीक तासांत बसवायचे असते. आठ तास खायचे आणि सोळा तास पोट रिकामे ठेवायचे, हा तिचा सर्वांत परिचित प्रकार. या तिसऱ्या पद्धतीत किती खायचे याचे बंधन नसते, फक्त केव्हा खायचे याचे असते. पहिल्या दोन पद्धतींत ऊर्जा मुद्दाम कमी केलेली असते. तिसरीत ती आपोआप कमी होईल अशी अपेक्षा असते. चाचण्यांचे निकाल वाचताना हा फरक पुन्हा पुन्हा आडवा येतो.

लिपिड प्रोफाइलच्या अहवालात जे आकडे येतात ते रक्तातून चरबी वाहून नेणाऱ्या कणांविषयी सांगतात. यकृत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल भरलेले मोठे कण रक्तात सोडते. त्यांना व्हीएलडीएल म्हणतात. स्नायू आणि मेदपेशी त्यांतले ट्रायग्लिसराइड काढून घेतात, तसे ते कण लहान होत जातात आणि शेवटी त्यांतल्या काहींचे एलडीएल बनते. या एलडीएलमध्ये मुख्यतः कोलेस्टेरॉलच उरलेले असते. हे कण धमनीच्या भिंतीत शिरून साचतात, आणि हृदयविकाराशी त्यांचा संबंध केवळ आकडेवारीचा नसून कार्यकारणाचा आहे, हे अनेक दशकांच्या संशोधनाने पक्के झाले आहे. एचडीएलची गोष्ट तितकी सरळ नाही. ते कमी असणे हे धोक्याचे चिन्ह खरे, पण औषधांनी ते वाढवून हृदयविकार कमी करण्याचे मोठे प्रयत्न फसले. म्हणून एचडीएल दोन-चार अंकांनी वाढले याचा फार आनंद मानू नये. खाली चर्चा मुख्यतः एलडीएल आणि ट्रायग्लिसराइडची आहे.

पोट रिकामे राहिले की इन्सुलिन उतरते. इन्सुलिनचा लगाम सैल झाला की मेदपेशींतली साठवण मोकळी होऊ लागते आणि मेदाम्ले रक्तात येतात. यकृत त्यांतली काही जाळते, काहींची कीटोन द्रव्ये बनवते आणि उरलेल्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलच्या कणांतून रक्तात पाठवते. म्हणजे उपवासात चरबी जळते हे खरे, पण जळण्याआधी तिला रक्तातूनच प्रवास करावा लागतो. काही महिन्यांत वजन घटले, यकृतातली चरबी कमी झाली, की यकृताकडून सुटणारे व्हीएलडीएल कमी होते आणि ट्रायग्लिसराइड उतरते. हे दोन परिणाम एकमेकांच्या उलट आहेत. एक काही तासांचा आणि दुसरा काही महिन्यांचा.

उपवास लांबला तर एलडीएल चक्क वाढू शकते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात लठ्ठ नसलेल्या दहा निरोगी माणसांनी सात दिवस उपवास केला. त्यांचे एलडीएल सरासरी सुमारे 114 वरून 190 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत गेले, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांशाने वाढले. सात दिवसांचा उपवास आणि सोळा तासांचा उपवास यांची तुलना होत नाही, हे उघड आहे. पण उपवासाने कोलेस्टेरॉल खाली येणारच, हा समज शरीराच्या रचनेतून निघत नाही, एवढे त्यातून कळते. एलडीएल किती राहील हे मुख्यतः यकृताच्या पेशींवरचे ग्राहक रक्तातून किती कण उचलतात यावर ठरते. जेवणाची वेळ बदलल्याने ते ग्राहक वाढतात असा भक्कम पुरावा नाही.

पहिली पद्धत सर्वांत काळजीपूर्वक तपासली ती शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या चाचणीने. तिचा निकाल 2017 मध्ये आला. लठ्ठ पण एरवी निरोगी अशा 100 प्रौढांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. पहिल्या गटाने एकाआड एक दिवस उपवास करायचा होता. उपवासाच्या दिवशी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान एकच जेवण, गरजेच्या 25 टक्के ऊर्जेचे, आणि दुसऱ्या दिवशी 125 टक्के. दुसऱ्या गटाने रोज 75 टक्के खायचे होते. आठवड्याचा हिशेब मांडला तर दोन्ही गटांची ऊर्जा सारखीच कमी झाली होती, फरक फक्त वाटणीचा होता. तिसऱ्या गटाने नेहमीसारखेच खायचे होते. पहिले सहा महिने वजन उतरवण्याचे आणि पुढचे सहा महिने ते टिकवण्याचे होते. पहिल्या तीन महिन्यांचे अन्न संशोधकांनीच पुरवले.

वर्षाअखेर तिसऱ्या गटाच्या तुलनेत उपवास करणाऱ्यांचे वजन 6.0 टक्के आणि रोज थोडे कमी खाणाऱ्यांचे 5.3 टक्के घटले होते. हा फरक नगण्य होता. ट्रायग्लिसराइडमध्ये दोन गटांत फरक आढळला नाही. एचडीएल सहा महिन्यांनी उपवासाच्या गटात दुसऱ्या गटापेक्षा 6.2 मिलिग्रॅमने जास्त होते, पण बाराव्या महिन्यात हा लाभ मावळला होता. एलडीएल मात्र बाराव्या महिन्यात उपवासाच्या गटात रोज कमी खाणाऱ्या गटापेक्षा 11.5 मिलिग्रॅमने अधिक निघाले. वजन जवळपास सारखेच उतरलेले असताना हे घडले.

या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि तो झटकून टाकण्याजोगाही नाही. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट वजन हे होते. चरबीचे आकडे दुय्यम मोजमापांपैकी होते, आणि खूप गोष्टी मोजल्या की एखादा फरक निव्वळ योगायोगानेही हाती लागतो. शिवाय उपवासाच्या गटातले 38 टक्के लोक वर्ष पुरे होण्याआधी बाहेर पडले. रोज कमी खाणाऱ्यांत हे प्रमाण 29 टक्के होते. जे राहिले त्यांच्या खाण्याच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. उपवासाच्या दिवशी ते ठरल्यापेक्षा जास्त खात होते आणि भरपेटच्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी. कागदावर एकाआड एक दिवस उपवास होता, प्रत्यक्षात तो हळूहळू रोजच थोडे कमी खाण्याकडे सरकत गेला. या चाचणीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते, कारण प्रत्येक आहारपद्धतीची खरी परीक्षा ती माणसाच्या हातात पडल्यावर तिचे काय होते ही असते.

पाच-दोन पद्धतीबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण तिथले निकाल एकमेकांशी जुळतात. नॉर्वेतल्या एका चाचणीत 112 लठ्ठ स्त्री-पुरुष वर्षभर होते. निम्म्यांनी आठवड्यातून दोन दिवस 400 ते 600 कॅलरींवर काढले आणि निम्म्यांनी तेवढीच बचत रोज थोडी थोडी केली. पहिल्या गटाचे वजन सरासरी 8 किलोने आणि दुसऱ्याचे 9 किलोने उतरले. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल दोन्हींकडे सुधारले आणि सारखेच सुधारले. जर्मनीत हायडलबर्ग येथे 150 जणांवर झालेल्या चाचणीतही पाच-दोनचा वेगळा फायदा दिसला नाही.

तासांत बांधलेल्या खाण्याभोवती सर्वांत जास्त आशा गोळा झाली, आणि तिचे एक कारण 2020 मधला कॅलिफोर्नियाचा छोटा अभ्यास. मेटाबॉलिक सिंड्रोम असलेले 19 जण त्यात होते. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी यांपैकी अनेक गोष्टी एकत्र बिघडल्या की त्या अवस्थेला हे नाव देतात. त्यांतले बहुतेक जण स्टॅटिन किंवा रक्तदाबाची औषधे घेत होते. आधी ते दिवसात चौदा तास किंवा त्याहून जास्त काळ काही ना काही खात असत. बारा आठवडे त्यांनी सगळे खाणे दहा तासांत बसवले. वजन 3.3 किलोने उतरले आणि एलडीएल सुमारे 12 मिलिग्रॅमने, म्हणजे 11 टक्क्यांनी घसरले.

हा निकाल वर्तमानपत्रांतून खूप गाजला. पण त्यात तुलनेचा दुसरा गटच नव्हता. ज्यांचे आकडे बिघडलेले असतात अशांनाच निवडून पुन्हा तपासले, तर काहीही न करता त्यांतल्या बऱ्याच जणांचे आकडे सरासरीकडे सरकतात. आपल्यावर कोणाची नजर आहे म्हटल्यावर माणूस गोळ्याही वेळेवर घेऊ लागतो. आणखी एक हिशेब इथे उपयोगी पडतो. 1992 मध्ये 70 अभ्यास एकत्र करून असे काढले गेले होते की वजन एक किलोने उतरले की एलडीएल सरासरी 0.8 मिलिग्रॅमने आणि ट्रायग्लिसराइड सुमारे 1.3 मिलिग्रॅमने घटते. त्या दराने 3.3 किलोमागे एलडीएल जेमतेम अडीच-तीन मिलिग्रॅमने घटायला हवे होते. उरलेली नऊ मिलिग्रॅमची घट घड्याळाने केली, रात्रीचे चिवडा-बिस्किटांसारखे खाणे सुटल्याने झाली, की औषधे नीट घेतल्याने, हे एका गटाच्या अभ्यासातून सांगता येत नाही.

ते सांगण्यासाठी तुलनागट लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी त्याच वर्षी 116 जणांची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खायचे, दुसऱ्याने दिवसात तीन वेळा ठरलेले जेवण घ्यायचे. काय आणि किती खायचे यावर कोणालाच बंधन नव्हते. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचे वजन 0.94 किलोने आणि दुसऱ्याचे 0.68 किलोने घटले. फरक अर्थपूर्ण नव्हता, आणि एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड यांतही दोन गट सारखेच राहिले. चीनमधल्या ग्वांगझू शहरातली 2022 ची चाचणी याहून काटेकोर होती. 139 लठ्ठ व्यक्तींना वर्षभर सारख्याच कमी कॅलरींचा आहार दिला गेला, पुरुषांना 1500 ते 1800 आणि स्त्रियांना 1200 ते 1500 कॅलरींचा. निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच संपवायचा होता. वजन एका गटात 8.0 आणि दुसऱ्यात 6.3 किलोने घटले. हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, आणि चरबीच्या आकड्यांत तर दोन गट जवळजवळ एकच होते. सोळा तासांच्या उपवासाला स्वतःची वेगळी शक्ती असती तर ती इथे दिसायला हवी होती. दोन्ही गटांची ऊर्जा सारखी ठेवली की घड्याळाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

मग ज्यांचा आठ तासांच्या पद्धतीने फायदा होतो त्यांचा तो कशाने होतो? बहुतेक वेळा ते नकळत कमी खातात म्हणून. शिकागोच्याच संशोधकांनी चार आणि सहा तासांच्या खिडक्या तपासल्या. कॅलरी मोजायला न सांगताही लोक रोज सुमारे 550 कॅलरी कमी खाऊ लागले आणि आठ आठवड्यांत वजन तीन टक्क्यांच्या आसपास उतरले. एवढे होऊनही रक्तातल्या चरबीचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत.

2018 मधली अलाबामा विद्यापीठाची चाचणी या सगळ्यांत वेगळी आहे. माणसे फक्त आठ होती, सर्व पुरुष, सर्व मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पण बांधणी अशी होती की वजनाचा प्रश्नच बाजूला पडावा. प्रत्येकाने पाच आठवडे दिवसाचे सगळे खाणे सकाळी लवकर सुरू करून सहा तासांत, दुपारी तीनच्या आत, संपवले. मध्ये विश्रांतीचा काळ ठेवून दुसऱ्या पाच आठवड्यांत तेच अन्न बारा तासांत वाटून घेतले. कॅलरी वजन टिकून राहील एवढ्याच ठेवल्या होत्या आणि जेवणे देखरेखीखाली होत होती. वजन न घटताही इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि रक्तदाब उतरला, त्यामुळे या चाचणीचा मोठा गवगवा झाला. त्याच अहवालात असलेली दुसरी ओळ कमी लोकांनी वाचली. उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड सरासरी 57 मिलिग्रॅमने वाढले होते. एकूण कोलेस्टेरॉलही 13 मिलिग्रॅमने वर गेले होते.

उपवासाने ट्रायग्लिसराइड वाढले, असा याचा सरळ अर्थ लावणे चूक ठरेल. दुपारी तीनच्या आत शेवटचे जेवण घेतलेल्या माणसाचे रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी काढले तेव्हा त्याच्या पोटात अठरा तास काही गेलेले नव्हते. बारा तासांच्या पद्धतीत मात्र हे अंतर बारा तासांचेच होते. मेदपेशींतून निघालेली मेदाम्ले यकृतात जाऊन व्हीएलडीएल बनून परत रक्तात येतात, ती प्रक्रिया अठराव्या तासाला अधिक जोरात असते. म्हणजे दोन वेगळ्या क्षणांची तुलना झाली. प्रयोगशाळा साधारण नऊ ते बारा तासांच्या उपवासानंतरचे रक्त मागतात आणि ‘सामान्य’ म्हणून छापलेल्या मर्यादाही त्याच सवयीतून आलेल्या आहेत. सोळा-आठ पाळणारा माणूस सकाळी दहा वाजता रक्त द्यायला जातो तेव्हा त्याचे आधीचे जेवण रात्री सहाला संपलेले असू शकते. तोच माणूस पूर्वी रात्री दहाला जेवून रक्त देत असेल, तर त्याच्या दोन अहवालांत उपवासाचे चार तास जास्तीचे आहेत. त्या चार तासांचा परिणाम आहारपद्धतीच्या नावावर जमा होतो.

एलडीएलच्या आकड्यात आणखी एक खाच आहे. अनेक प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजत नाहीत, ते हिशेबाने काढतात. 1972 पासून वापरात असलेल्या फ्रीडेवाल्ड सूत्रात एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करायचा. तो पाचवा हिस्सा म्हणजे व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल, असे गृहीत धरलेले असते. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. त्याआधीही ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर ही वजाबाकी गरजेपेक्षा मोठी होते आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी भासते.

उदाहरणादाखल पन्नाशीतल्या एका माणसाचे दोन अहवाल मनात आणावेत. पहिल्यात एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 40 आणि ट्रायग्लिसराइड 200. दोनशेचा पाचवा हिस्सा 40, म्हणून एलडीएल 210 वजा 40 वजा 40, म्हणजे 130. तीन महिने त्याने रात्री उशिराचे खाणे बंद केले, गोड आणि दारू कमी केली आणि वजन चार किलोने उतरवले. दुसऱ्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल 204, एचडीएल 40 आणि ट्रायग्लिसराइड 120 आले. आता पाचवा हिस्सा 24, म्हणून एलडीएल 204 वजा 40 वजा 24, म्हणजे 140. घरी अहवाल वाचून तो म्हणणार, उपवास केला आणि ‘वाईट कोलेस्टेरॉल’ दहाने वाढले. पण एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा केले तर पहिल्या वेळी 170 आणि दुसऱ्या वेळी 164 उरतात. या आकड्याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. धमन्यांना धोका देणाऱ्या सगळ्या कणांतले कोलेस्टेरॉल त्यात येते. तो घटला आहे. थोडी सुधारणा झाली आहे, बिघाड नाही. मात्र त्या माणसाचे नॉन-एचडीएल 170 वरून 175 झाले असते, तर एलडीएलमधली वाढ खरी मानून तिचे कारण शोधावे लागले असते.

प्रत्येक कणावर अ‍ॅपोलिपोप्रोटीन बी नावाचे एकच प्रथिन असते. ते मोजले की कणांची संख्याच कळते आणि हा सूत्राचा गोंधळ टळतो. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांसाठी ही तपासणी विशेष उपयोगाची आहे.

याशिवाय एकाच माणसाचे आकडे आठवड्या-आठवड्यालाही हलत असतात. एलडीएल आठ-दहा टक्क्यांनी आणि ट्रायग्लिसराइड वीस टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त बदलणे हे नेहमीचे आहे. 130 चे 122 झाले तर ते निव्वळ या हालचालीतले असू शकते. म्हणून उपवासाच्या चाचण्यांत आढळणारे चार-पाच मिलिग्रॅमचे फरक शेकडो माणसांच्या सरासरीत अर्थ राखतात, पण एका माणसाच्या एका अहवालात ते ओळखू येत नाहीत.

वजन उतरत असतानाचा काळ तर मोजणीला सर्वांत वाईट. ज्या 70 अभ्यासांचा वर उल्लेख आला त्यांत वजन चालू घसरणीत असताना एचडीएल दर किलोमागे किंचित कमी होत होते, आणि वजन स्थिरावल्यावर तेच किलोमागे साधारण 0.35 मिलिग्रॅमने वर आले. भराभर खूप वजन घटत असेल तर मेदपेशींत साठलेले कोलेस्टेरॉलही बाहेर पडते आणि रक्तातला आकडा काही काळ चढू शकतो. वजन स्थिर होऊन काही आठवडे गेल्यावरचाच अहवाल जुन्या अहवालाशी ताडून पाहण्याजोगा असतो.

2025 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 99 चाचण्यांचे, सुमारे साडेसहा हजार लोकांचे, एकत्रित विश्लेषण आले. त्यात उपवासाच्या पद्धती आणि रोजचे कमी खाणे यांचे परिणाम बहुतांशी सारखे निघाले. एकाआड एक दिवसाच्या पद्धतीत वजन रोजच्या कपातीपेक्षा सरासरी सव्वा किलोच्या आसपास जास्त उतरले. तासांत बांधलेल्या खाण्याच्या तुलनेत तिच्यात एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडही थोडे कमी राहिले. शिकागोच्या चाचणीत वर्षाअखेर एलडीएल वाढलेले दिसले होते, त्याच्याशी हे जुळत नाही असे वाटेल. पण यांतल्या बऱ्याच चाचण्या थोड्या महिन्यांच्या होत्या, आणि त्या काळात वजन उतरत असते. वर्षभराचे चित्र देणाऱ्या चाचण्या मोजक्या आहेत. सगळे मिळून पाहिले तर ट्रायग्लिसराइडवरचा परिणाम सौम्य आणि वजनाबरोबर चालणारा, एलडीएलवरचा त्याहून कमी आणि अनिश्चित, आणि एचडीएलवरचा जवळपास नाही, असेच दिसते.

तुलनेसाठी औषधाचा आकार लक्षात घ्यावा. मध्यम ताकदीचे स्टॅटिन एलडीएल 30 ते 50 टक्क्यांनी उतरवते. तूप, लोणी, साय, खोबरे, वनस्पती यांतली संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी शेंगदाणा, मोहरी किंवा सूर्यफुलासारखी तेले घेतली तर एलडीएलमध्ये घट होते. ओट्स, डाळी, कडधान्ये यांतले विद्राव्य तंतू रोज पाच-दहा ग्रॅमने वाढवले तर आणखी काही टक्के उतरते. हे उपाय यकृतातल्या ग्राहकांची संख्या किंवा पित्ताबरोबर बाहेर जाणारे कोलेस्टेरॉल बदलतात. त्याच पदार्थांनी भरलेले ताट रात्री दहाऐवजी संध्याकाळी सहाला घेतल्याने ती यंत्रणा हलत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रीतीने लागू पडतो. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासात तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड या ठिकाणच्या प्रौढांची तपासणी झाली. 2014 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार 72 टक्के लोकांचे एचडीएल कमी होते आणि 29 टक्क्यांहून अधिकांचे ट्रायग्लिसराइड जास्त होते. एलडीएल जास्त असलेले मात्र 12 टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा बिघाड ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलचा. तो पोटाचा घेर, यकृतातली चरबी आणि पिठूळ पदार्थांची जास्त मात्रा यांच्याशी जोडलेला असतो. वजन उतरल्यावर यातले ट्रायग्लिसराइड चांगला प्रतिसाद देते, म्हणून ज्याचे ट्रायग्लिसराइड 250 आहे आणि पोट सुटले आहे त्याला कोणत्याही टिकणाऱ्या पद्धतीने उपयोग होऊ शकतो, मग ती तासांची असो वा रोज एक पोळी कमी करण्याची. ज्याचे एलडीएल 190 च्या वर आहे त्याच्यासाठी उपवास हा उपचार नाही. त्याने आनुवंशिक कारणाची शक्यता डॉक्टरांकडून पडताळून घ्यायला हवी.

चाचण्यांतला उपवास आणि घरातला उपास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही इथे सांगायला हवे. एकादशीला किंवा चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू असे फराळाचे पदार्थ होतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात प्रथिने नगण्य आणि तंतू फारच थोडे. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली खिचडीची एक मोठी ताटली शिकागोच्या चाचणीतल्या संपूर्ण उपवासाच्या दिवसाइतकी ऊर्जा सहज देते. जास्तीच्या पिष्टापासून यकृत मेद तयार करते आणि तो व्हीएलडीएलमधून रक्तात सोडते. अशा उपासाच्या दिवसाला एकाआड एक दिवसाच्या चाचणीचे निष्कर्ष लावता येत नाहीत.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोचवलेली दिवसात दोनच वेळा, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवण्याची पद्धत अनेक मराठी घरांत पाळली जाते. तीही खाण्याच्या वेळा कमी करते, पण खाण्याचे तास सलग बांधत नाही. सकाळी दहा आणि रात्री नऊ अशी दोन जेवणे असतील तर ती सोळा-आठमध्ये बसत नाहीत. वर सांगितलेल्या चाचण्यांचे आकडे तिला जसेच्या तसे चिकटवू नयेत. जेवणे दोनच झाल्याने मधले चहा-बिस्किट, फरसाण आणि गोड सुटते. ट्रायग्लिसराइड उतरले तर त्यातला मोठा वाटा या सुटलेल्या गोष्टींचा असणे अधिक संभवते.

ज्यांना स्वतःच्या बाबतीत परिणाम पाहायचा आहे त्यांनी सुरुवातीला एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासणी करून त्यांची सरासरी धरावी. नंतर तीन महिन्यांनी आणि वजन स्थिर झाल्यावर पुन्हा तसेच करावे. सर्व वेळी उपवासाचे तास सारखे, बाराच्या आसपास, ठेवावेत. त्यासाठी आठ तासांची खिडकी पाळणाऱ्याला तपासणीच्या आदल्या दिवशी उशिरा जेवावे लागले तरी चालते. प्रयोगशाळा तीच असावी, आणि आदल्या दोन-तीन दिवसांत दारू घेऊ नये, कारण ती ट्रायग्लिसराइड झटकन वाढवते. अहवालात एलडीएलबरोबर नॉन-एचडीएलही काढावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी तास वाढवण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, कारण रिकाम्या पोटी त्यांची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. स्टॅटिन चालू असेल तर ती गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यावी. रोसुव्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन या दोन्ही गोळ्या जेवणाआधी वा नंतर, कधीही घेता येतात.